'त्यांना वाटलं' लावून बघ: उताऱ्यातला दृष्टिकोन आणि त्यातून निघणारं आशयसूत्र

प्रश्न: मी ऐरोलीला राहते, ठाण्यात टीवायबीएला मराठी घेतलंय. पेपरात हँडआउटमध्ये असतो तसा न वाचलेला गद्य उतारा येतो आणि 'निवेदकाचा दृष्टिकोन स्पष्ट करून आशयसूत्र विशद करा' असा निबंधवजा प्रश्न असतो. मी दरवेळी 'तृतीयपुरुषी सर्वज्ञ निवेदक' लिहिते आणि पुढे गोष्टीचा सारांशच होऊन बसतो. मार्क निम्मेच मिळतात. नेमकं शोधायचं काय आणि लिहायचं कसं?

उत्तर:

दृष्टिकोन आणि आशयसूत्र या दोन गोष्टी तू वेगवेगळ्या शोधतेस, तिथेच गाडी अडते. पहिल्या परिच्छेदात निवेदकाचा प्रकार लिहून टाकायचा, मग त्याला विसरून गोष्ट काय आहे ते सांगायचं, अशा रीतीने लिहिलेले पेपर मी ठाण्यात शिकवताना ढिगाने तपासले आहेत. त्यांत प्रकार बरोबर असला तरी त्याचा पुढे काहीच उपयोग केलेला नसतो. उतारा कोणाच्या नजरेतून दिसतो हे कळलं की त्या नजरेला काय दिसत नाही हेही कळतं, आणि आशयसूत्र बहुतेक वेळा त्या न दिसणाऱ्या जागेतच असतं. हे एका उताऱ्यावरच दाखवतो. तुझ्या हँडआउटमधला उतारा तू दिलेला नाहीस, म्हणून वर्गात सरावासाठी मी स्वतः लिहिलेला घेतो. आधी एकदा सलग वाच. पेन्सिल हातात घेऊ नकोस.

"गेट तेच होतं, फक्त रंग बदलला होता. जगन्नाथराव रिक्षातून उतरले आणि सवयीने उजवीकडच्या छोट्या दरवाज्याकडे वळले. तीस वर्षं याच दरवाज्यातून आत. आज तिथे काचेची केबिन होती आणि केबिनमध्ये एक पोरगा बसला होता.

'पास?' पोरग्याने विचारलं.

पास! याच गेटवर उभं राहून त्यांनी दोन-दोनशे माणसांचे पास तपासले होते. आणि आता हा कालचा पोरगा त्यांना पास विचारणार.

'टाइम ऑफिसला होतो मी. इथंच. कंपनी होती तेव्हा.'

पोरग्याने मान वर केली. क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. 'माहितीये,' तो म्हणाला. 'माझे वडील बॉयलरला होते.'

असतील. बॉयलरला काय कमी माणसं होती? कोणाकोणाला लक्षात ठेवायचं! संप झाला त्या वर्षी तर रजिस्टरातली नावंच्या नावं कमी झाली. वरून यादी यायची, त्यांनी फक्त रेघ मारायची. हात कधी थरथरला नाही. अक्षर शेवटपर्यंत सुरेख.

पोरग्याने वही पुढे सरकवली. 'नाव लिहा. कोणाला भेटायचंय तेही.'

जगन्नाथरावांनी खिसे चाचपले. पेन नव्हतं. पोरग्याने स्वतःच्या खिशातलं काढून दिलं. त्यांनी नाव लिहिलं, आणि 'कोणाला भेटायचे' या रकान्यापाशी पेन थांबलं. ऊन चढत होतं. मागे कधीतरी खुर्ची आली होती. पोरग्यानेच आणून ठेवली असावी. लोखंड अजून गार होतं."

आता तुझ्या सवयीने उत्तर काय येईल? 'जगन्नाथराव', 'त्यांनी', 'ते' अशी सर्वनामं दिसतात म्हणून तृतीयपुरुषी. त्यांच्या मनातलं सांगितलंय म्हणून सर्वज्ञ. यातला पहिला भाग बरोबर आहे, दुसरा चुकीचा. सर्वज्ञ निवेदकाला सगळ्यांच्या मनात जायची मुभा असते. इथला निवेदक एकाच माणसाच्या मनात जातो. पोरग्याच्या मनात काय चाललंय याचा एक शब्दही उताऱ्यात नाही. तो 'क्षणभर बघत राहिला' एवढंच कळतं, का बघत राहिला ते कळत नाही. मन एकाचंच उघडं आणि बाकीचे फक्त बाहेरून दिसतात, तेव्हा त्याला तृतीयपुरुषी पण एका पात्रापुरता मर्यादित दृष्टिकोन म्हणायचं.

हे नुसतं म्हणून भागत नाही, उताऱ्यातून दाखवावं लागतं. त्यासाठी एक साधी कसोटी आहे. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी ती १९६६ मध्ये मांडली: तृतीयपुरुषातला मजकूर 'मी' घालून पुन्हा लिहून बघायचा. 'मी रिक्षातून उतरलो आणि सवयीने उजवीकडच्या छोट्या दरवाज्याकडे वळलो.' चाललं. 'मी खिसे चाचपले. पेन नव्हतं.' हेही चाललं. अख्खा उतारा असा बदलता येतो, कुठेही अडत नाही. म्हणजे उताऱ्यात असं एकही वाक्य नाही जे जगन्नाथरावांना ठाऊक असणं अशक्य आहे. समजा मध्ये 'जगन्नाथरावांच्या कपाळावर त्यांच्या नकळत आठी पडली' असं वाक्य असतं, तर 'माझ्या कपाळावर माझ्या नकळत आठी पडली' हे अडखळलं असतं, आणि निवेदक त्यांच्या नजरेबाहेर गेला हे तुला सापडलं असतं. आता 'मी' म्हणजे तो पोरगा असं धरून बघ. 'असतील. बॉयलरला काय कमी माणसं होती?' हे त्याचं असूच शकत नाही. नजर कोणाची, याचा निकाल लागला.

पण नजर जगन्नाथरावांची असली तरी बोलणारा तोच नाही, आणि इथे जरा थांब. कोणताही माणूस स्वतःला 'जगन्नाथराव' म्हणत नाही. तो 'राव', तो आदरार्थी 'उतरले' आणि 'वळले', हा निवेदकाचा आवाज आहे. पाहणारा एक आणि सांगणारा दुसरा. हा फरक फ्रेंच समीक्षक जेरार जनेत यांनी १९७२ मध्ये नीट मांडला: 'कोण पाहतं' आणि 'कोण बोलतं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परीक्षेत त्यांचं नाव लिहिलंस तर बिघडत नाही, पण नुसत्या नावाला कोणी गुण देत नाही. तो फरक उताऱ्यात कुठे दिसतो हे दाखवलंस तर गुण मिळतात.

मराठीत हा फरक शोधायला काही चांगल्या खुणा आहेत आणि त्या हातात असताना मुलं त्यांच्याकडे बघतच नाहीत. पहिली खूण म्हणजे कोणाला काय म्हटलंय. या उताऱ्यात केबिनमधल्या माणसाला निवेदक सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'पोरगा' म्हणतो. त्याला नाव नाही, वय नाही, साधं 'सुरक्षारक्षक' हे पदही नाही. एकाला 'राव' आणि दुसऱ्याला 'पोरगा', हा निवडीचा प्रश्न आहे, आणि ती निवड जगन्नाथरावांची आहे. त्यांच्या डोळ्यांना तिथे पोरगाच दिसतो. निवेदकाने आवाज आपला ठेवला, पण शब्द त्यांचा वापरला.

दुसरी खूण तर्काच्या क्रियापदांची. शेवटच्या ओळीत 'पोरग्यानेच आणून ठेवली असावी' असं आहे. सर्वज्ञ निवेदकाला 'असावी' म्हणायची गरजच नाही. खुर्ची कोणी ठेवली ते त्याला ठाऊक असतं, तो सरळ 'ठेवली' म्हणेल. 'असावी', 'असणार', 'वाटलं', 'दिसत होतं', 'म्हणे' असे शब्द निवेदनात आले की समजायचं, निवेदकाने स्वतःच्या माहितीला कुंपण घातलंय. त्याला लागून आलेलं कारणही बघ. लोखंड गार आहे, म्हणजे खुर्ची उन्हातली नव्हे, केबिनमधली आहे. हा अंदाज बांधणारा माणूस खुर्चीवर बसलेला आहे. ही एकच ओळ नेमकी उद्धृत केलीस तर 'मर्यादित दृष्टिकोन' हा मुद्दा सिद्ध होतो.

तिसरी खूण सगळ्यात उपयोगाची. 'असतील. बॉयलरला काय कमी माणसं होती? कोणाकोणाला लक्षात ठेवायचं!' या वाक्यांना अवतरणचिन्हं नाहीत, म्हणजे हे कोणी मोठ्याने बोललेलं नाही. 'असं त्यांना वाटलं' हेही कुठे नाही. तरी हे निवेदकाचं मत नव्हे. अशा वाक्याआधी मनातल्या मनात 'त्यांना वाटलं' लावून बघ. वाक्याचा एकही शब्द न बदलता ते बसलं, तर ते पात्राचं. 'त्यांना वाटलं, असतील. बॉयलरला काय कमी माणसं होती?' अगदी चपखल बसलं. आता 'गेट तेच होतं, फक्त रंग बदलला होता' याला लावून बघ. बसतं, पण गरज भासत नाही, कारण ती दोघांचीही असू शकेल अशी साधी माहिती आहे. 'पोरग्याने वही पुढे सरकवली' याला लावलंस तर अर्थच बिघडतो. अशा रीतीने उताऱ्यातली वाक्यं पात्राची, निवेदकाची आणि दोघांच्या मधली अशी वेगळी होतात. पात्राच्या वाक्यांखाली आता पेन्सिलने रेघ मार. प्रश्नार्थक, उद्गारार्थी आणि तुटक वाक्यं आधी तपास. मराठी निवेदनात पात्राचा आवाज बहुधा तिथूनच आत शिरतो.

हे झाल्यावर आशयसूत्राकडे वळायचं. सोपं वाटतं आणि घसरतं ते इथे. हा उतारा दिला की मुलं लिहितात: 'बदलत्या काळात ज्येष्ठांची होणारी उपेक्षा', 'पिढ्यांमधलं अंतर', 'औद्योगिक शहराचं बदलतं रूप'. हे विषय आहेत. विषय एका शब्दगटात मावतो. आशयसूत्र पूर्ण वाक्यात सांगावं लागतं, कारण त्या विषयाबद्दल उतारा काय म्हणतो ते त्यात यायला हवं. तुझं आशयसूत्र क्रियापदाशिवाय लिहिता येत असेल तर ते अजून विषयच आहे. एवढी एक तपासणी कायम कर.

दुसरी तपासणी तपशिलांची. 'ज्येष्ठांची उपेक्षा' घेऊ. त्याने 'पास?' हा प्रश्न समजतो. पण मग पोरगा 'माहितीये' का म्हणतो? वडिलांचा उल्लेख कशाला करतो? संपाच्या वर्षीच्या रेघा उताऱ्यात का आल्या? आणि ज्याची उपेक्षा होते त्याला पेन आणि खुर्ची कोण देतं? चार महत्त्वाचे तपशील या आशयसूत्राच्या बाहेर राहिले. उतारा एवढा छोटा असताना चार तपशील बाहेर राहत असतील तर आशयसूत्र चुकलंय. 'पिढ्यांमधलं अंतर' घेतलं तरी रेघा आणि बॉयलर बाहेरच राहतात. शिवाय इथे अंतरापेक्षा एक जुना संबंध पुढे येतोय, आणि तो एकाला ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही.

आता मघाशी रेघ मारलेल्या वाक्यांकडे परत ये आणि जगन्नाथराव काय कसं सांगतात ते बघ. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे व्याकरणच साक्ष देतं. स्वतःचा अपमान सांगताना वाक्य कसं आहे? 'हा कालचा पोरगा त्यांना पास विचारणार.' करणारा कोण, कोणाला, काय, सगळं हजर आहे. आणि संपाच्या वर्षाबद्दल? 'रजिस्टरातली नावंच्या नावं कमी झाली.' 'कमी केली' असं नाही. क्रियापद अकर्मक आहे, त्यामुळे कोणी केली हा प्रश्नच उरत नाही. 'वरून यादी यायची.' यादी आपोआप येते. शेवटी स्वतः करणारे म्हणून त्यांना यावंच लागतं, तेव्हा 'फक्त' येतो: 'त्यांनी फक्त रेघ मारायची.' इथेही 'मारली' असं नाही. 'मारायची' म्हणजे नेमून दिलेलं काम. आपल्यावर झालेलं सगळं त्यांना कर्त्यासकट आठवतं, आपल्या हातून झालेलं मात्र कर्ता पुसून. आणि लगेच पुढचं वाक्य अक्षराच्या सौंदर्याचं आहे. ज्या रेघांनी लोकांचं काम गेलं त्यांच्याबद्दल त्यांना आठवतो तो सुबकपणा.

हे जगन्नाथरावांना दिसत नाही. दिसलं असतं तर 'अक्षर सुरेख' हे वाक्य अशा जागी आलंच नसतं. पण निवेदकाने ते वाक्य रेघेच्या शेजारी ठेवलंय, आणि तिथे सांगणारा पाहणाऱ्यापासून बाजूला होतो. निवेदक टीकेचा एकही शब्द उच्चारत नाही. तो फक्त वाक्यं शेजारी शेजारी ठेवतो आणि न्याय वाचकावर सोडतो. मग पुढे तोच कधी न थरथरलेला हात नोंदवहीच्या एका रकान्यापाशी थांबतो. एकेकाळी दुसऱ्यांची नावं रजिस्टरातून काढणाऱ्याला आता स्वतःचं नाव वहीत लिहावं लागतं, आणि तेही त्या पोरग्याच्या पेनाने.

यावरून आशयसूत्र असं लिहिता येईल: 'आपल्यावर झालेला अन्याय माणूस बारकाव्यासकट लक्षात ठेवतो, आपल्या हातून झालेला मात्र हुकमाची अंमलबजावणी म्हणून विसरतो, आणि ज्याला तो ओळखतही नाही त्याच्या सौजन्यावर अवलंबून राहायची वेळ त्याच्यावर येते.' आता तपशील लावून बघ. पास, 'माहितीये', बॉयलर, रेघा, अक्षर, पेन, रिकामा रकाना, खुर्ची. एकही बाहेर राहत नाही. तुझं वाक्य याहून वेगळं असू शकतं. कोणी सत्ता आणि विस्मरण यांच्या बाजूने लिहील, कोणी पोरग्याच्या मौनाच्या बाजूने. तपशील सामावले जात असतील तर तेही मान्य होतं.

इथे एक सावधगिरी. त्या पोरग्याच्या वडिलांचं नाव जगन्नाथरावांनीच रजिस्टरातून कमी केलं होतं का? तुझ्या मनात 'हो' आलं असेल. माझ्याही येतं. पण उतारा तसं म्हणत नाही. वडील बॉयलरला होते एवढंच पोरगा सांगतो. म्हणून 'ज्याच्या वडिलांना त्यांनी कामावरून काढलं' असं लिहिलंस तर परीक्षक त्याखाली रेघ मारेल, आणि ते योग्यच आहे. 'असं सूचित होतं' किंवा 'ही शक्यता उतारा उघडी ठेवतो' असं लिही. ती उघडी राहते कारण जगन्नाथरावांना आठवतच नाही, आणि आपण त्यांच्या नजरेत अडकलेलो आहोत. म्हणजे ही अनिश्चितताही दृष्टिकोनामुळेच आलेली आहे. उत्तरात हे एक वाक्य आलं की तपासणाऱ्याला कळतं, ही मुलगी उतारा खरोखर वाचते आहे.

अशीच दुसरी चूक उताऱ्याबाहेरच्या माहितीची. तू ऐरोलीची, म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यावरून कायम जाणारी. रबाळे, महापे, तुर्भे या एमआयडीसीच्या पट्ट्यात जुन्या कंपन्या जाऊन काचेच्या इमारती आलेल्या तू पाहिल्या आहेस. 'कंपनी होती तेव्हा' वाचल्याबरोबर तुला हा उतारा ओळखीचा वाटणार आणि एक पूर्ण परिच्छेद औद्योगिक पट्ट्याच्या इतिहासावर जाणार. 'संप' दिसला की अनेकजण १९८२ चा गिरणी संप आणि दत्ता सामंत यांच्यावर पान भरतात. उताऱ्यात गिरणी नाही, साल नाही, गावाचं नावही नाही. आहे ते एवढंच: एक कंपनी, तिचा बॉयलर, तिचं टाइम ऑफिस, एक संप. परिसराची माहिती उतारा समजायला मदत करते, त्याबद्दल वाद नाही. पण उत्तरात तिला एका उपवाक्यापेक्षा जास्त जागा देऊ नकोस.

आता लिहिणं. पंधरा गुणांचा प्रश्न धरू. पहिल्याच वाक्यात दृष्टिकोन आणि आशयसूत्र एकत्र आणायचे. कथासंग्रह, लेखक, साहित्यप्रकाराची व्याख्या असल्या प्रस्तावनेत वेळ घालवायचा नाही. सुरुवात साधारण अशी होईल:

'प्रस्तुत उतारा तृतीयपुरुषी निवेदनात असला तरी त्यातली नजर केवळ जगन्नाथराव या पात्रापुरती मर्यादित आहे. आणि या मर्यादेमुळेच, स्वतःच्या अपमानाची तीव्र जाणीव असलेल्या माणसाला आपल्या हातून झालेल्या अन्यायाची जाणीव कशी नसते, हे आशयसूत्र उलगडत जातं.'

पुढचा परिच्छेद दृष्टिकोनाच्या पुराव्याचा:

'केबिनमधल्या तरुणाचा उल्लेख निवेदन सातत्याने "पोरगा" असा करतं. त्याला नाव मिळत नाही आणि त्याच्या मनात वाचकाला प्रवेश मिळत नाही. खुर्ची त्याने "आणून ठेवली असावी" हा अंदाज आहे, माहिती नव्हे. सर्वज्ञ निवेदकाला असा अंदाज बांधावा लागला नसता. "असतील. बॉयलरला काय कमी माणसं होती?" या वाक्यांत तर निवेदकाचा आवाज पात्राच्या मनोगतात जवळजवळ विरून जातो.'

आणि मग त्या दोघांना जोडणारा परिच्छेद. हा तुझ्या उत्तरात आजवर नसतो, आणि तोच सगळ्यात मोठा असायला हवा:

'मात्र निवेदक जगन्नाथरावांशी पूर्णपणे एकरूप होत नाही. "नावंच्या नावं कमी झाली" या अकर्मक रचनेतून आणि "फक्त रेघ मारायची" मधल्या "फक्त"मधून ते स्वतःला जबाबदारीतून सोडवतात. त्याला लागूनच "अक्षर शेवटपर्यंत सुरेख" हा अभिमान येतो. निवेदक यावर भाष्य करत नाही, पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून पात्राला न दिसणारी विसंगती वाचकाला दाखवतो. "हात कधी थरथरला नाही" असं म्हणणाऱ्या माणसाचं पेन पुढे नोंदवहीच्या रकान्यापाशी थांबतं तेव्हा ही विसंगती कृतीतून पुरी होते.'

यानंतर पेन आणि खुर्ची यांवर एक छोटा परिच्छेद, त्यातच 'वडिलांबद्दलची शक्यता उघडी राहते' हा मुद्दा, आणि झालं. वेगळा समारोप लिहायची गरज नाही. वेळ उरला तर 'आशयसूत्र पहिल्या परिच्छेदातल्याच शब्दांत पुन्हा' असं करण्यापेक्षा शेवटच्या प्रतिमेबद्दल, म्हणजे रिकाम्या रकान्याबद्दल दोन वाक्यं जास्त लिही. कोणाला भेटायला आले होते हे त्यांना स्वतःलाच सांगता येत नाही, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

नमुन्यातली अवतरणं किती छोटी आहेत बघ. एक ते सहा शब्द, आणि तेही आपल्याच वाक्यात गुंफलेले. तू उताऱ्यातल्या तीन ओळी सलग उतरवतेस आणि खाली 'यावरून असे दिसते की' लिहितेस, असा माझा अंदाज आहे, कारण सारांशाकडे घसरणारी उत्तरं जवळपास सगळी तशीच असतात. लांब अवतरणानंतर ते पुन्हा सांगण्याखेरीज हातात काही उरत नाही. छोटं अवतरण घेतलं की त्यातल्या शब्दावर बोलावंच लागतं. उत्तर सारांश होतंय का हे तपासायचं असेल तर परिच्छेदांची पहिली वाक्यं वाच. ती 'नंतर जगन्नाथराव', 'त्यानंतर पोरगा' अशी सुरू होत असतील तर तू घटनांच्या मागे चालली आहेस. ती 'मात्र निवेदक', 'या मर्यादेमुळे' अशी सुरू होत असतील तर ठीक चाललंय.

पेपरात 'मी'च्या निवेदनातला उताराही येऊ शकतो. तिथे मुलं 'प्रथमपुरुषी' लिहून मोकळी होतात, पण तिथेही पाहणारा आणि सांगणारा वेगळे असू शकतात. मोठेपणी लहानपण सांगणारी 'मी' असेल तर पाहणारी आठ वर्षांची आणि सांगणारी चाळिशीची असते. 'तेव्हा मला कळलं नाही', 'पुढे बऱ्याच वर्षांनी' असे शब्द आले की सांगणारी पुढे येते, आणि ते नसतात तिथे आपण मुलीच्या डोळ्यांनी बघत असतो. मराठीत 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांतून निवेदक पुरुष की स्त्री हे पहिल्या काही ओळींतच कळतं, तरी उत्तरात कित्येकजण निवेदकालाच लेखक धरून त्याचं लिंग बदलून टाकतात. आणि 'आम्ही' की 'आपण' हे जरूर बघ. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. एखाद्या उताऱ्यात निवेदक गावाबद्दल आधी 'आपण' म्हणत असेल आणि मध्येच 'आम्ही'वर गेला, तर तो कोणाला बाहेर काढतोय ते शोध.

तुझ्या हँडआउटमधल्या एखाद्या उताऱ्यावर हे करून बघ. पात्राच्या वाक्यांखाली रेघ मार, त्या पात्राला काय दिसत नाही ते समासात एका वाक्यात लिही, आणि मग त्या वाक्याला क्रियापदासकट आशयसूत्राचं रूप दे. अडलंस तर उतारा आणि ते वाक्य दोन्ही इथे टाक, म्हणजे कुठला तपशील बाहेर राहतोय ते सांगता येईल.